बहिर्वक्र भिंग, सपाट आरसा आणि द्रव भिंग वापरून द्रवाचा अपवर्तनांक काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेताना दरवर्षी जे प्रश्न हमखास समोर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांतील सर्व आकडे एकाच भिंगाचे आहेत. ते काचेचे बहिर्वक्र भिंग असून त्याचा व्यास ५ सेंमी आणि नाभीय अंतर सुमारे २० सेंमी आहे. एकच भिंग शेवटपर्यंत धरल्याने कोणती चूक किती महाग पडते, हे सरळ ताडून पाहता येते.

या प्रयोगात प्रत्यक्ष काय मोजले जाते?

प्रत्यक्ष मोजल्या जातात त्या फक्त तीन गोष्टी. पहिली म्हणजे नुसत्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर f₁, दुसरी म्हणजे त्याच भिंगाखाली द्रव असताना दोघांच्या जोडीचे नाभीय अंतर F, आणि तिसरी म्हणजे द्रवाला टेकलेल्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या R. द्रव भिंगाचे स्वतःचे नाभीय अंतर f₂ या प्रयोगात कधीच मोजले जात नाही. ते अंतर्वक्र भिंग असल्यामुळे एकटे वास्तव प्रतिमा देत नाही, आणि काचेच्या भिंगाखालून सोडवून वेगळे ठेवावे तर त्याला आकारच उरत नाही. म्हणून f₂ हे f₁ आणि F यांच्या व्यस्तांच्या वजाबाकीतून काढावे लागते. या प्रयोगातील बहुतेक अडचणींचे मूळ या वजाबाकीत आहे आणि पुढची अनेक उत्तरे तिच्याकडेच परत येतील.

पिन आणि तिची प्रतिमा एकाच उंचीवर का येतात?

भिंग सपाट आरशावर ठेवलेले असते आणि त्याच्या वर स्टँडच्या क्लॅम्पमध्ये पिन आडवी धरलेली असते. पिनेचे टोक भिंगाच्या नाभीवर असेल, तर टोकापासून निघालेले किरण भिंगातून बाहेर पडताना एकमेकांना समांतर होतात. हे समांतर किरण खालच्या सपाट आरशावर लंबरूप आदळतात, आल्या वाटेने परत फिरतात आणि भिंगातून पुन्हा जाताना त्याच बिंदूपाशी एकवटतात. त्यामुळे पिनेच्याच उंचीवर तिची वास्तव, उलटी आणि तेवढ्याच आकाराची प्रतिमा तयार होते. पिनेचे टोक मुख्य अक्षावर आणलेले असेल, तर प्रतिमेचे टोक समोरून येऊन त्याला भिडलेले दिसते, जणू दोन पिना टोकाला टोक लावून आडव्या ठेवल्या आहेत. या स्थितीत पिनेपासून भिंगापर्यंतचे अंतर म्हणजेच नाभीय अंतर.

द्रव भिंगाला आकार कोण देतो, आणि द्रव किती घालावा?

आरशावर द्रवाचे थेंब ठेवून त्यावर भिंग टेकवले, की द्रव भिंग आणि आरसा यांच्यामधल्या फटीत पसरतो. वरच्या बाजूला तो काचेच्या फुगीर पृष्ठभागाशी तंतोतंत जुळतो आणि खालच्या बाजूला आरशाइतका सपाट होतो. अशा रीतीने एक सपाट-अंतर्वक्र भिंग आपोआप तयार होते आणि त्याच्या वक्र बाजूची त्रिज्या काचेच्या भिंगाच्या खालच्या बाजूइतकीच असते.

‘चार-पाच थेंब टाका’ असे प्रयोगवहीत लिहिलेले असते. २० थेंबांचे साधारण १ मिलिलीटर धरले, तर पाच थेंबांनी आपल्या भिंगाखाली मध्यभागी जेमतेम ३ सेंमी व्यासाचे वर्तुळ भरते. संपूर्ण भिंगाखाली द्रव हवा असेल तर सुमारे दीड मिलिलीटर लागतो. थोडा द्रव घातल्याने मोजमाप चुकत नाही, परंतु त्याचा एक दृश्य परिणाम होतो, ज्याची चर्चा दोन प्रतिमांच्या प्रश्नाखाली केली आहे. जास्त द्रव घातल्याने मात्र खरा बिघाड होतो. तो भिंगाच्या कडेवरून वरच्या पृष्ठभागावर चढला, तर तेथे नको असलेला आणखी एक थर तयार होतो आणि प्रतिमा वेडीवाकडी दिसू लागते. असे झाल्यास वरून टिपण्याचा खटाटोप न करता भिंग उचलून पूर्ण कोरडे करावे आणि पुन्हा मांडावे.

सूत्र कोठून येते?

एकमेकांना टेकलेल्या दोन भिंगांच्या शक्तींची बेरीज होते, म्हणून

1/F = 1/f₁ + 1/f₂

येथे द्रव भिंग किरण पसरवणारे असल्यामुळे f₂ ऋण आहे, आणि म्हणून F नेहमी f₁ पेक्षा मोठे येते. भिंगकाराचे सूत्र या सपाट-अंतर्वक्र भिंगाला लावले, तर सपाट बाजूचा वाटा शून्य होतो आणि f₂ चे मूल्य −R/(n − 1) एवढे येते. येथे n हा द्रवाचा अपवर्तनांक आहे. दोन्ही एकत्र केल्यावर हाती येते ते असे:

n = 1 + R (1/f₁ − 1/F)

पाठ्यपुस्तकात आधी f₂ काढून मग n काढतात. दोन्ही मार्ग एकच आहेत. पण वरच्या रूपात वजाबाकी डोळ्यांसमोर राहते, म्हणून मी विद्यार्थ्यांना हेच रूप लिहायला सांगतो.

पिन वर न्यावी की खाली आणावी, हे कसे ओळखावे?

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वेळ येथे जातो, कारण बरेच जण पिन अंदाजाने वर-खाली करत राहतात. डोळा पिनेच्या किमान २५ सेंमी वर ठेवावा आणि डोके हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यावे. प्रतिमा पिनेच्या तुलनेत डोळ्याबरोबर त्याच दिशेने सरकत असेल, तर ती डोळ्यापासून अधिक दूर, म्हणजे पिनेच्या खाली आहे. अशा वेळी पिन नाभीपेक्षा उंच धरलेली असते आणि ती खाली आणावी लागते. प्रतिमा डोळ्याच्या उलट दिशेने सरकत असेल, तर ती पिनेच्या वर आहे आणि पिन वर न्यावी लागते. दोन्ही टोके एकमेकांना चिकटून एकत्र सरकली, की पॅरलॅक्स संपला.

यात एक सोय अशी, की पिन योग्य जागेपासून १ मिमी खाली असेल, तर प्रतिमा साधारण तेवढीच वर असते. म्हणजे दोघींमधली फट २ मिमीची होते आणि चूक दुप्पट मोठी होऊन दिसते. आकाराचाही आधार घेता येतो. पिन जास्त उंच असल्यास प्रतिमा पिनेपेक्षा बारीक दिसते आणि पिन जास्त खाली असल्यास जाड दिसते.

द्रव घातल्यावर पिन ३५ सेंमीच्या आसपास जाते आणि डोळा तिच्याही वर हवा असतो. प्रयोगशाळेच्या ओट्यावर स्टँड ठेवला तर उंच विद्यार्थ्यांनाही टाचा उंचावून पाहावे लागते, आणि टाचा उंचावून उभ्या असलेल्या माणसाला पॅरलॅक्स नीट दिसत नाही. म्हणून रिटॉर्ट स्टँड बैठ्या स्टुलावर ठेवावा. त्याच वेळी डोक्यावरचा पंखाही बंद करावा, कारण त्याच्या वाऱ्याने क्लॅम्पमधली पिन थरथरते आणि विद्यार्थी त्या थरथरण्यालाच पॅरलॅक्स समजतो.

अंतर भिंगाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजावे की आरशापर्यंत?

दोन्ही मोजावीत आणि सरासरी घ्यावी. नाभीय अंतर भिंगाच्या मध्यापासून धरायचे असते आणि तेथे मोजपट्टी पोहोचू शकत नाही, म्हणून वरचे अंतर x₁ आणि भिंग बाजूला काढून आरशाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर x₂ घेऊन मध्य गाठला जातो. आपले भिंग मध्यभागी ६ मिमी जाड आहे. हे ६ मिमी क्षुल्लक वाटतात आणि घाईत असलेला विद्यार्थी फक्त वरचे अंतर लिहून मोकळा होतो. पुढील प्रश्नातील वाचनांवर हे करून पाहिले, तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३४ ऐवजी १.३४३ येतो, आणि फक्त आरशापर्यंतचे अंतर घेतले तर १.३२६ येतो. f₁ आणि F या दोन्हींत सारखीच चूक केली म्हणून ती वजाबाकीत निघून जाईल, ही समजूत चुकीची आहे, कारण वजाबाकी अंतरांची होत नसून त्यांच्या व्यस्तांची होते.

एक संपूर्ण उदाहरण मिळेल का?

प्रथम नुसते भिंग आरशावर ठेवले. पॅरलॅक्स गेल्यावर पिनेपासून भिंगाच्या माथ्यापर्यंत १९.७ सेंमी आणि आरशापर्यंत २०.३ सेंमी अंतर मिळाले, म्हणून f₁ = २०.० सेंमी.

स्फेरोमीटरच्या तीन पायांमधील सरासरी अंतर l = ३.५० सेंमी होते. मधला स्क्रू प्रथम सपाट काचेवर आणि नंतर भिंगावर टेकवून उंचीचा फरक h = ०.०९८ सेंमी मिळाला. सूत्र असे आहे:

R = l²/6h + h/2

पहिले पद २०.८३ आणि दुसरे ०.०५ येते, म्हणून R सुमारे २०.९ सेंमी.

त्यानंतर आरशावर पाणी घालून त्यावर भिंग ठेवले. अंतरे २९.१ आणि २९.७ सेंमी मिळाली, म्हणजे F = २९.४ सेंमी. आता १/२०.० म्हणजे ०.०५०००, आणि १/२९.४ म्हणजे ०.०३४०१. त्यांचा फरक ०.०१५९९ आणि त्याला २०.९ ने गुणल्यावर ०.३३४ येतात. म्हणून पाण्याचा अपवर्तनांक १.३३४ मिळाला. पाण्याचे मान्य मूल्य १.३३३ आहे.

भिंग आणि आरसा पुसून कोरडे केल्यावर नव्या बाटलीतील ग्लिसरीन घेतले. अंतरे ३५.९ आणि ३६.५ सेंमी आली, म्हणजे F = ३६.२ सेंमी. १/३६.२ म्हणजे ०.०२७६२, फरक ०.०२२३८ आणि गुणाकार ०.४६८. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४६८ मिळाला. शुद्ध ग्लिसरीनचे मूल्य १.४७ च्या किंचित वर असते.

f₁ अधिक काळजीने मोजावे की F?

विद्यार्थ्यांचा कल F कडे असतो, कारण द्रव असताना प्रतिमा थोडी फिकट असते, पिन उंच असते आणि जुळवणी अवघड जाते. नुसत्या भिंगाचे वाचन मात्र एकदाच घेऊन, ‘भिंगावर २० लिहिलेच आहे’ असे म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात f₁ मधील चूक अधिक महाग पडते.

पाण्याचे वरचे वाचन घ्या. F मध्ये २ मिमीची चूक होऊन २९.४ ऐवजी २९.६ धरले गेले, तर उत्तर १.३३४ वरून १.३३९ होते. तीच २ मिमीची चूक f₁ मध्ये होऊन २०.० ऐवजी २०.२ धरले गेले, तर उत्तर १.३२४ पर्यंत घसरते. म्हणजे तेवढ्याच चुकीचा परिणाम दुपटीहून अधिक होतो. अंतर जितके लहान, तितका त्याचा व्यस्त अधिक झपाट्याने बदलतो, हे त्याचे कारण. दोन परिणामांचे गुणोत्तर (F/f₁)² एवढे असते. पाण्यासाठी ते सुमारे २.२ आणि ग्लिसरीनसाठी सुमारे ३.३ आहे. शिवाय f₁ चे एकच वाचन पाणी, ग्लिसरीन आणि पुढच्या प्रत्येक द्रवाच्या गणितात वापरले जाते, त्यामुळे तेथील चूक सगळ्या उत्तरांना एकाच दिशेने ओढते.

म्हणून नुसत्या भिंगासाठी किमान तीन स्वतंत्र वाचने घ्यावीत. स्वतंत्र याचा अर्थ असा, की प्रत्येक वेळी पिन जागेवरून हलवून पुन्हा जुळवावी, एकदा वरून खाली आणत आणि एकदा खालून वर नेत. पिन न हलवता मोजपट्टी तीनदा लावली, तर ते वाचन एकच राहते. भिंगावर किंवा खोक्यावर छापलेले नाभीय अंतर गणितात कधीही घेऊ नये. ते भिंग निवडण्यापुरते उपयोगी असते.

R आणि f₁ सारखेच धरले तर चालते का?

दोन्ही बाजू सारख्या फुगीर असलेल्या भिंगाच्या काचेचा अपवर्तनांक नेमका १.५ असेल, तरच R आणि f₁ समान असतात. आपल्या भिंगाची काच सुमारे १.५२ ची आहे, म्हणून R २०.९ सेंमी आहे. तेथे २०.० धरले, तर पाण्याचे उत्तर १.३२० येते. क्लासच्या टिपणांत हा सोपा मार्ग पुष्कळदा दिलेला असतो, परंतु ज्या प्रयोगात एका द्रवाचा अपवर्तनांक शोधायचा आहे, त्यात काचेचा अपवर्तनांक न मोजता गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही.

स्फेरोमीटर वापरताना सर्वांत मोठी चूक h मध्ये होत नाही, ती l मध्ये होते. h मोजणारी चकती ०.००१ सेंमीपर्यंत वाचते, पण l साध्या मोजपट्टीने, कागदावर उमटवलेल्या तीन ठिपक्यांवरून मोजले जाते. सूत्रात l चा वर्ग आहे, त्यामुळे ३.५ सेंमीमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक R मध्ये जवळपास ३ टक्क्यांची होते आणि पाण्याचे उत्तर ०.०१ ने हलते. ठिपके टोकदार उमटावेत म्हणून पाय कागदावर थोडे दाबावेत, तिन्ही बाजू मोजाव्यात आणि त्यांची सरासरी घ्यावी.

त्रिज्या मोजायची ती द्रवात बुडणाऱ्या बाजूची. भिंगाच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत याची खात्री नसेल, तर मोजलेल्या बाजूजवळ कडेवर मार्करने एक बारीक खूण करावी आणि ती बाजू खाली ठेवावी.

स्फेरोमीटर नसेल तर?

पाण्यालाच मापक करता येते. पाणी आणि अज्ञात द्रव या दोघांसाठी तेच भिंग आणि तीच बाजू वापरली, तर R दोन्हींकडे सारखी राहते आणि गुणोत्तरात निघून जाते:

(n − 1)/(n_w − 1) = (1/f₁ − 1/F)/(1/f₁ − 1/F_w)

येथे w हे चिन्ह पाण्यासाठी आहे. वरच्या वाचनांत ०.०२२३८ ला ०.०१५९९ ने भागले, की १.४०० येतात, त्यांना पाण्याच्या ०.३३३ ने गुणल्यावर ०.४६६. म्हणून ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४६६.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. f₁ मधील चूक अंश आणि छेद या दोघांतही शिरते आणि बरीचशी कटते. f₁ २ मिमीने चुकले, तर स्फेरोमीटरच्या रीतीने ग्लिसरीनचे उत्तर ०.०११ ने बिघडते आणि गुणोत्तराच्या रीतीने केवळ ०.००४ ने. त्यामुळे स्फेरोमीटर उपलब्ध असला, तरी पाण्याचे वाचन घेऊन ठेवावे. त्यावरून उलट R काढली, तर या उदाहरणात २०.८ सेंमी येते आणि स्फेरोमीटरच्या २०.९ शी ती पडताळून पाहता येते. दोन्हींत १ सेंमीहून अधिक तफावत आली, तर पाण्याला दोष देण्याआधी l पुन्हा मोजावे.

दोन प्रतिमा दिसतात. खरी कोणती?

याची दोन वेगळी कारणे असतात आणि पिन कोणत्या उंचीवर आहे यावरून ती ओळखता येतात.

पिन १० सेंमीच्या आसपास असताना एक फिकट उलटी प्रतिमा पिनेशी जुळलेली दिसू शकते. ती आरशाने दिलेली नसते. काही किरण भिंगात शिरून त्याच्या खालच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतात, कारण तो पृष्ठभाग आतून पाहिल्यास अंतर्वक्र आरशासारखा वागतो. आपल्या भिंगासाठी ही जागा १०.२ सेंमीवर येते. एखाद्या विद्यार्थ्याचे f₁ अपेक्षेच्या जवळजवळ निम्मे आले, तर त्याने हीच प्रतिमा जुळवली असे समजावे. आरशाने दिलेली प्रतिमा कितीतरी अधिक ठळक असते. शंका असल्यास भिंगाखालचा आरसा काळ्या कागदाने झाकून पाहावे. जी प्रतिमा तरीही टिकते ती भिंगाच्या पृष्ठभागाची.

दुसरे कारण द्रव असताना दिसते. द्रव थोडा असेल, तर तो मध्यभागीच राहतो आणि कडेच्या वलयाखाली हवा उरते. ते वलय नुसत्या भिंगासारखेच काम करते, म्हणून पिन २० सेंमीवर आणली की जुनीच प्रतिमा कडेच्या भागातून पुन्हा दिसते आणि विद्यार्थ्याला वाटते, की द्रवाने काही फरकच पडला नाही. हवेचा बुडबुडा मध्यभागी अडकला तरी असेच होते. पोस्टकार्डात २ सेंमीचे गोल छिद्र पाडून ते भिंगावर मध्यभागी ठेवले, तर कडेची प्रतिमा नाहीशी होते. बुडबुडा असल्यास भिंग एका कडेने उचलून तिरपे ठेवत सावकाश खाली टेकवावे, म्हणजे हवा एका बाजूने निघून जाते.

द्रवाच्या थराची किंवा आरशाच्या काचेची जाडी गणितात धरावी का?

नाही. पॅरलॅक्स गेलेल्या स्थितीत किरण भिंगाच्या खालच्या पृष्ठभागातून द्रवात शिरतात, तेव्हाच ते समांतर झालेले असतात. समांतर किरणांच्या वाटेत आडवा, सपाट बाजूंचा थर कितीही जाड असला, तरी त्यांची दिशा बदलत नाही. म्हणून मागून चांदीचा लेप दिलेला साधा आरसाही चालतो. ग्लिसरीन घट्ट असल्यामुळे भिंग आरशाला लगेच टेकत नाही, काही वेळ द्रवाच्या पातळ थरावर राहते. त्यानेही f₂ बदलत नाही. फक्त भिंग किंचित वर उचललेले राहते, म्हणून ते स्थिरावल्यावरच अंतर मोजावे.

पावसाळ्यात ग्लिसरीनचे उत्तर कमी का येते?

एका जुलैमध्ये आमच्या संपूर्ण तुकडीचे ग्लिसरीनचे उत्तर १.४५ च्या आसपास आले. पाण्याचे उत्तर सर्वांचे बरोबर होते, म्हणजे f₁ आणि R यांत दोष नव्हता. जोडीचे नाभीय अंतर ३६.२ ऐवजी ३५.२ सेंमी येत होते आणि १ सेंमीचा फरक पॅरलॅक्सच्या चुकीने एकाच वेळी सगळ्यांकडे येणे शक्य नव्हते. बाटली पाहिली तेव्हा तिचे बूच सैल होते आणि ती मागच्या सत्रापासून तशीच कपाटात उभी होती.

ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून घेते. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघड्या बाटलीतील ग्लिसरीनमध्ये पाण्याचे प्रमाण पुष्कळ वाढू शकते. वजनाने १० टक्के पाणी मिसळले, तर अपवर्तनांक १.४५८ होतो आणि २० टक्के मिसळले तर १.४४३. आमच्या बाटलीत म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीने त्याच दिवशी १.४६८ हे उत्तर दिले. विद्यार्थ्यांची पहिली वाचने मी खोडू दिली नाहीत, कारण त्यांनी बाटलीतील द्रवाचा अपवर्तनांक बरोबर मोजला होता. चूक होती ती बाटलीवरच्या नावात.

तापमानाचा परिणाम मात्र येथे दुर्लक्षिता येतो. २० अंश सेल्सिअसऐवजी ३० अंशांवर पाण्याचा अपवर्तनांक केवळ ०.००१ ने कमी होतो.

द्रवाचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त असेल, तर जोडी अंतर्वक्र भिंगासारखी वागेल का?

तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. ते बरोबर नाही. काचेच्या भिंगाला दोन वक्र बाजू आहेत आणि द्रव भिंगाला एकच, म्हणून जोडीची शक्ती शून्य होण्यासाठी n चे मूल्य 1 + R/f₁ इतके व्हावे लागते. आपल्या भिंगासाठी ते २ च्या थोडे वर येते, आणि नेहमीच्या वापरातील कोणताही द्रव तेथे पोहोचत नाही. खरी मर्यादा स्टँडच्या उंचीची असते. १.६३ अपवर्तनांकाच्या कार्बन डायसल्फाइडसाठी F सुमारे ५० सेंमी येईल. तो विषारी आणि सहज पेट घेणारा द्रव शाळेत वापरायचा नाहीच, पण याच कारणाने भिंग १५ ते २० सेंमी नाभीय अंतराचे निवडतात.

ठाण्याच्या खाडीच्या पाण्याचा खारेपणा या रीतीने कळेल का?

ऐरोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आणि तो गणित करून पाहण्याजोगा आहे. पूर्ण खारट समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३९ असतो, म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा ०.००६ ने जास्त. आपल्या भिंगात त्यामुळे F सुमारे अडीच मिलिमीटरने वाढेल. काळजीपूर्वक जुळवूनही पिनेची जागा १ ते २ मिमीने इकडेतिकडे होतेच. शिवाय खाडीत गोडे पाणी मिसळलेले असल्यामुळे फरक याहूनही कमी असणार. म्हणून खाडीचे पाणी आणि नळाचे पाणी यांतला फरक या मांडणीत खात्रीने दिसणार नाही.

मिठाचे संपृक्त द्रावण घेतले, तर मात्र अपवर्तनांक १.३८ च्या आसपास जातो आणि F पाण्यापेक्षा २ सेंमीहून अधिक वाढते, जे नवख्या हातालाही सापडते. तिने तेच केले. प्रयोग झाल्यावर भिंग आणि आरसा साध्या पाण्याने धुऊन पुसावा, कारण वाळलेले मीठ पुढच्या वेळी वापरलेल्या पाण्यात विरघळून त्याचे वाचन बिघडवू शकते.